सर्व्हिस चार्जवर पण टॅक्स? बिल उलटं मोजून बघा

प्रश्न: काल रेस्टॉरंटचं बिल आलं. जेवण २४८०, सर्व्हिस चार्ज १०% म्हणजे २४८, टॅक्स १३६.४०, टोटल २८६४.४०. टॅक्स ५% लिहिलाय, मग २४८० चे १२४ व्हायला पाहिजेत ना? हे लोक सर्व्हिस चार्जवर पण टॅक्स लावतायत का, आणि असं चालतं का?

उत्तर:

हो, लावलाय. कॅल्क्युलेटर घ्या आणि १३६.४० ला ०.०५ ने भागा, २७२८ येतील, आणि २७२८ म्हणजे तुमचे २४८० अधिक २४८. मशीनने आधी चार्ज मिळवला आणि त्या बेरजेवर टॅक्स काढला, वरचे १२.४० तिथून आले, २४८ चे ५ टक्के.

ही उलटं भागायची सवय लावून घ्या, कुठलंही बिल असू दे. टॅक्सची रक्कम भागिले टॅक्सचा दर, जो आकडा येईल तेवढ्या रकमेवर टॅक्स लागलाय, मग तो आकडा नुसत्या जेवणाशी जुळतो की जेवण अधिक चार्जशी ते बघायचं. एकाच ठिकाणी लोक फसतात. टॅक्स दोन ओळींत फोडून छापलेला असला, म्हणजे अडीच टक्क्यांचे ६८.२० आणि परत अडीच टक्क्यांचे ६८.२०, तर एका ओळीला पूर्ण ५ टक्क्यांनी भागून १३६४ काढतात आणि मग 'बिलच चुकीचं आहे' म्हणून काउंटरवर वाद घालतात. प्रत्येक ओळ तिच्या स्वतःच्या दरानेच भागायची, ६८.२० भागिले ०.०२५, परत २७२८ च. पाचदहा पैशांचा फरक आला तर सोडून द्या, तो राउंडिंगचा असतो.

आता चालतं का. इथे दोन प्रश्न एकात मिसळलेत, चार्ज लावायला परवानगी आहे का हा एक आणि लावलाच तर त्यावर टॅक्स बसतो का हा दुसरा, आणि दोन्हींची उत्तरं वेगवेगळ्या कायद्यांतून येतात.

दुसरा आधी घेतो कारण तो सरळ आहे. टॅक्सवाल्यांना नावाशी घेणंदेणं नसतं, जेवण आणि सेवा यांच्या बदल्यात गिऱ्हाइकाला जेवढे पैसे द्यावेच लागले तेवढी विक्रीची किंमत, आणि टॅक्स त्या किमतीवर. मालकाने २४८० मेनूच्या दरात धरले आणि २४८ वेगळ्या ओळीत धरले म्हणून त्या २४८ चं स्वरूप बदलत नाही. नाहीतर उद्या कोणीही अर्धा मेनू सर्व्हिस चार्जच्या नावावर टाकेल आणि टॅक्स निम्मा करून बसेल. याच्या उलट, तुम्ही उठताना स्वतःच्या मनाने टेबलावर ठेवलेली टीप ही किंमत नव्हे, ती बिलात येतच नाही, म्हणून तिच्यावर टॅक्स नाही. सगळा खेळ 'द्यावेच लागले' आणि 'मनाने दिले' यातला आहे.

ब्रिटनमध्ये ही रेघ अगदी स्वच्छ ओढलेली आहे. चार्ज सक्तीचा असेल तर त्यावर २०% व्हॅट, ऐच्छिक असेल आणि गिऱ्हाइकाला खरंच नाही म्हणता येत असेल तर व्हॅट नाही. तिथे गंमत अशी की मेनूवरचे दर व्हॅट धरूनच छापलेले असतात, त्यामुळे गिऱ्हाइकाला फरक दिसतच नाही. समजा सक्तीचा चार्ज १५ आला तर गिऱ्हाईक १५ च देणार, पण त्यातला सहावा भाग म्हणजे २.५० मालकाला सरकारकडे भरावा लागणार, चार्ज ऐच्छिक असेल तर ते २.५० भरावे लागत नाहीत. तिथल्या बिलांवर चार्जशेजारी तो ऐच्छिक असल्याचं का छापलेलं असतं, याचं एक कारण इथे आहे.

सिंगापूरमध्ये मेनूवर दरापुढे '++' असं दिसतं, त्यातलं पहिलं अधिक म्हणजे सर्व्हिस चार्ज, बहुतेक ठिकाणी १०%, आणि दुसरं म्हणजे जीएसटी, जो २०२४ पासून ९% आहे आणि चार्ज मिळवल्यानंतरच्या रकमेवर बसतो. म्हणून १०० चं जेवण ११९ ला नाही, ११९.९० ला पडतं. आणि न्यूयॉर्क राज्यात उलटी सवलत आहे, सक्तीची ग्रॅच्युइटी, म्हणजे बिलातच घातलेली टीपसुद्धा सेल्स टॅक्समधून सुटते, पण ती बिलात वेगळी दाखवली पाहिजे, ग्रॅच्युइटी म्हणूनच लिहिली पाहिजे आणि पूर्णच्या पूर्ण कर्मचाऱ्यांना मिळाली पाहिजे. यातलं एक जरी सुटलं तरी टॅक्स लागला.

भारतात जीएसटी कायद्याचं कलम १५ पुरवठ्याची किंमत कशी धरायची ते सांगतं, त्या हिशोबाने वसूल केलेला सर्व्हिस चार्ज किमतीतच जातो आणि त्यावर टॅक्स बसतो. पण इथे पहिला प्रश्न आडवा येतो. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या, म्हणजे सीसीपीएच्या, ४ जुलै २०२२ च्या मार्गदर्शक सूचना म्हणतात की हा चार्ज बिलात आपोआप घालायचाच नाही, दुसऱ्या नावाने पण नाही, आणि तो जेवणाच्या बिलात मिळवून एकूण रकमेवर जीएसटी लावायचा हे तर त्यात शब्दशः मना केलंय. रेस्टॉरंटवाल्यांच्या संघटना याविरुद्ध कोर्टात गेल्या होत्या, २८ मार्च २०२५ ला दिल्ली हायकोर्टाच्या एकल न्यायपीठाने त्या सूचना वैध ठरवल्या. म्हणजे टॅक्सच्या बाजूने बघितलं तर 'घेतलाय ना, मग टॅक्स भर' आणि ग्राहक कायद्याच्या बाजूने बघितलं तर 'मुळात घातलासच का'. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं, त्यामुळे मॅनेजर जेव्हा 'सर टॅक्स कायद्याप्रमाणेच लावलाय' म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो, फक्त अर्धंच बोलत असतो.

आता मला जी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते ती. मी काही वर्षं बिलिंग मशीनची सेटिंग करून द्यायचं काम केलंय. चार्ज टाकताना साधारण दोन गोष्टी ठरवायच्या असतात, चार्ज कुठल्या रकमेवर मोजायचा आणि तो चार्ज टॅक्सेबल आहे की नाही. आणि हे ठरवतो कोण, तर मशीन बसवायला आलेला पोरगा, दुपारी तीन वाजता, मालक जेवायला बसलेला असताना. एकदा एका ठिकाणी गेलो तर चार्ज टॅक्सच्या नंतर मोजला जात होता, म्हणजे १००० च्या जेवणावर टॅक्स ५०, मग १०५० वर दहा टक्के चार्ज १०५, टोटल ११५५. बरोबर क्रमाने करा, १००० वर चार्ज १००, मग ११०० वर टॅक्स ५५, टोटल? परत ११५५! गुणाकार पुढेमागे केला तरी उत्तर तेच येणार. मालक म्हणाला मग बिघडलं काय, गिऱ्हाइकाला तर तेवढंच पडतंय. बिघडलं हे की पहिल्या बिलात सरकारच्या वाट्याचे ५ मालकाच्या चार्जमध्ये जाऊन बसले होते. एका बिलात पाच, महिन्याभराची बिलं गोळा करा आणि तपासणीला कोणी आलं तर काय होईल ते बघा. म्हणून नुसती टोटल बघून काही कळत नाही, चार्ज भागिले जेवण हे पण एकदा करायचं. दहा टक्के लिहिलेत आणि १०.५ येतायत तर चार्ज टॅक्सच्या डोक्यावर बसलाय समजा. तुमच्या बिलात २४८ भागिले २४८० बरोबर ०.१० येतं, म्हणजे तिथे क्रम ठीक आहे.

डिस्काउंट असलेल्या बिलात पण हेच बघायचं, चार्ज डिस्काउंटच्या आधीच्या रकमेवर काढलाय का नंतरच्या, पण तुमच्यात ते नाहीये, सोडा.

शेवटचं, चार्ज काढायला सांगणार असाल तर. माझ्याबरोबरच झालेलं सांगतो, जेवण ३६००, चार्ज ३६०, ३९६० वर टॅक्स १९८, टोटल ४१५८. मी चार्ज काढा म्हटलं, मॅनेजर एकदम सज्जन, वाद नाही काही नाही, खिशातून पेन काढलं, ३६० वर आडवी रेघ मारली, खाली ३७९८ लिहिलं आणि सही केली. मी पण पैसे देऊन मोकळा झालो, गाडीत बसल्यावर डोक्यात आलं की चार्ज गेला पण त्या चार्जवरचे १८ राहिलेच की. यायला पाहिजे होते ३६०० आणि १८०, म्हणजे ३७८०. मशीनची कामं केलेला माणूस मी, आणि फसलो पेनच्या रेघेला. बरं, मशीनमध्ये जुनंच बिल राहिलं असेल तर त्यांच्या हिशोबात ते ३६० अजून आलेलेच दिसणार, म्हणजे त्यांचं पण नुकसानच.

त्यामुळे रेघ मारू देऊ नका, बिल रद्द करून नवीन छापायला सांगा, मशीनवर एक मिनिटाचं काम असतं. तुमच्या बिलात चार्ज गेला की जेवण २४८०, टॅक्स १२४, टोटल २६०४ यायला पाहिजे, २६१६.४० लिहून आणलं तर तो पेनचा हिशोब आहे, परत पाठवा. पैसे देऊन झाले असतील आणि बिल भारतातलं असेल तर बिलाचा फोटो जपून ठेवा आणि आधी रेस्टॉरंटलाच २६०.४० परत मागा, चार्ज अधिक त्यावरचा टॅक्स, नुसते २४८ नाही. नाहीच म्हणाले तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५, तिथे तक्रार लिहिताना चार्ज आणि त्यावरचा टॅक्स हे दोन आकडे वेगवेगळे लिहा.