पांढऱ्या कपड्यांवरचे रंगपंचमीचे डाग कसे काढायचे?

प्रश्न: पांढऱ्या सुती कुर्त्यावर गुलाल आणि ओला गुलाबी रंग दोन्ही लागलेत. भिंत आणि फरशीवरही शिंतोडे आहेत. काय करू?

उत्तर: आधी पाणी लावू नका. कोरडा गुलाल भिजला की धाग्यात उतरतो, म्हणून कुर्ता बाहेर नेऊन जोरात झटका आणि मऊ ब्रशने उरलेली पूड काढा. मग डागाच्या उलट्या बाजूने नळाचं थंड पाणी सोडा, म्हणजे रंग आला त्याच वाटेने बाहेर पडेल. पाणी नितळ येईपर्यंत साबण नको.

तरीही गुलाबी छटा राहिली, तर अर्ध्या बादलीत पाव कप साधं क्लोरीन ब्लीच घालून कुर्ता पाच-दहा मिनिटं बुडवा आणि भरपूर खळखळून घ्या. हे फक्त सुती कापडासाठी. रेशीम, लोकर किंवा ताणणारं कापड यात खराब होतं. ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा टॉयलेट क्लीनर कधीही मिसळू नका, विषारी वायू तयार होतो. डाग पूर्ण जाईपर्यंत इस्त्री टाळा, उष्णतेने रंग पक्का बसतो. साबण लावल्यावर पिवळा डाग लाल झाला तर ती हळद आहे. ती मात्र उन्हात फिकी पडते.

भिंतही आधी कोरड्या ब्रशनेच झाडा. डिस्टेंपर असेल तर तिथेच थांबा, ओल्या फडक्याने भिंतीचा रंगच निघतो. वर नवा हात मारणं बरं. धुता येणाऱ्या रंगावर साबणाचा स्पंज चालेल. फरशी संगमरवरी असेल तर लिंबू लावू नका, चकाकी जाते. खायचा सोडा पाण्यात कालवून तो लेप डागावर सुकू द्या, मग पुसा.