उन्हाळ्यात गायीचा फॅट का उतरतो?

प्रश्न: लातूरकडे आहे. एचएफ गायीचं दूध तर घटलंच, पण फॅट ३.८ वरून ३.२ वर आला. पेंड वाढवली तरी फरक नाही. काय करू?

उत्तर: वाढवलेली पेंड आधी कमी करा आणि ज्वारीचा कडबा कुट्टी करून संध्याकाळी सातनंतर व पहाटे घाला. फॅटचा मोठा भाग चाऱ्याच्या तंतूंपासून बनतो, आणि उन्हात गाय आधी कोरडा चाराच सोडते. त्यात धापेमुळे रवंथ कमी होतं, लाळ बाहेर गळते, म्हणजे पोटातलं आम्ल मारणारा सोडाही वाया जातो. अशा पोटात पेंड वाढवली की आम्ल आणखी वाढतं. शेण पातळ झालंय का, त्यात न पचलेले दाणे दिसतात का, बघा. दिवसाला १०० ग्रॅम खाण्याचा सोडा दोन वेळच्या पेंडीत विभागून द्या. सावलीत गार पाणी कायम हवं. दुपारी अंग भिजवा, पण वारा खेळता ठेवा. बंद गोठ्यात नुसत्या दमटपणाने त्रास वाढतो. म्हशीला घाम कमी, कातडी काळी, म्हणून तिला पाण्याची गरज जास्तच. मात्र गोठ्यात एकाच गायीचा फॅट उतरला असेल तर उन्हाला दोष देण्याआधी कासदाह तपासून घ्या.