"आता सुटावं" असं वाटतं तेव्हा

बाबांना बरं वाटलं, चार घास गेले, आणि तुमच्या मनात आलं, "म्हणजे अजून किती दिवस?" त्या विचाराची लाज तुम्हाला रात्रभर छळतेय. खरं सांगते, गंभीर आजारात जवळ राहणाऱ्या पुष्कळांना असं वाटतं. तुम्हाला संपायला हवी आहे ती त्यांची वेदना आणि तुमची जागरणं. बाबा नकोसे झालेले नाहीत.

माणूस जिवंत असतानाच त्याच्या जाण्याचं दुःख सुरू होतं, हे एरिक लिंडेमान या मनोविकारतज्ज्ञाने 1944 मध्येच नोंदवलं. त्याने एक धोकाही दाखवला: युद्धावर गेलेल्या नवऱ्याचा शोक बायकोने आधीच पुरा केला, तो जिवंत परतला तेव्हा तिचं मन त्याच्यापासून सुटलेलं होतं. म्हणून एवढं पाहा, खोलीत तुम्ही फक्त औषध द्यायला जाता का? तसं असेल तर रोज दहा मिनिटं काहीही काम न काढता नुसतं शेजारी बसा. बोललंच पाहिजे असं नाही.

ते गेल्यावर कदाचित आधी सुटकेचा श्वास येईल, रडू उशिरा. आताच्या रडण्याने तेव्हाचं कमी होईलच असं नाही. मात्र स्वतःला किंवा त्यांना इजा करावीशी वाटली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा.