नुसते दिवस मोजले आणि मार्क गेले

«इन्फ्लमेशनचा मोठा प्रश्न दोनदा लिहिला, दोन्ही वेळा निम्मेच मार्क. पाच खुणा, पेशींच्या पायऱ्या, अ‍ॅक्यूट-क्रॉनिकचा तक्ता, सगळं होतं. चुकतंय कुठे?»

तुमच्या तक्त्यात पहिली ओळ ‘कालावधी’ असणार, आणि बाकीचा तक्ता तिच्याच जोरावर उभा असणार. माझाही तसाच होता. पाच खुणा तुम्हाला पाठ आहेतच, त्या सोडून देतो.

माझं सगळ्यात जास्त नुकसान प्रॅक्टिकलला झालं. स्लाइड जठरातल्या जुन्या अल्सरची होती. मी थेट हाय पॉवर लावली, वरच्या थरात न्यूट्रोफिल्सची गर्दी दिसली आणि ‘अ‍ॅक्यूट’ लिहून मोकळा झालो. लो पॉवरवर आधी पाहिलं असतं तर थर दिसले असते: सगळ्यात वर मेलेल्या पेशींचा कचरा, त्याखाली न्यूट्रोफिल्स, मग नव्या केशवाहिन्यांचं ग्रॅन्युलेशन टिश्यू आणि त्यात लिम्फोसाइट, प्लाझ्मा सेल, मॅक्रोफेज, तळाशी घट्ट तंतुमय व्रण. वर आम्लाचा मारा चालू असल्यामुळे न्यूट्रोफिल्स येतच राहतात, आणि खाली डागडुजीही चालू असते. नासधूस आणि डागडुजी अशी एकाच वेळी चालते तेव्हा ते क्रॉनिक. न्यूट्रोफिल दिसला म्हणून क्रॉनिक बाद होत नाही. उलटही खरं आहे: विषाणूंच्या संसर्गात लिम्फोसाइट सुरुवातीलाच पुढे असू शकतात.

पेशींच्या पायऱ्या बहुतेक जण सुट्या यादीसारख्या लिहितात. माझ्या मते (मी शिक्षक नाही, तुमचे सर वेगळं सांगत असतील तर त्यांचं ऐका) सुजेपासून सुरुवात करावी. व्हेन्यूलच्या एंडोथेलियममध्ये फटी पडतात, प्रथिनयुक्त द्रव बाहेर जातो, म्हणून सूज. आत रक्त दाट होऊन मंदावतं, म्हणून पांढऱ्या पेशी भिंतीकडे सरकतात. तिथे सिलेक्टिन्स त्यांना सैल पकडतात म्हणून त्या घरंगळतात. इंटेग्रिन्स घट्ट धरतात तेव्हा थांबतात. मग भिंतीतून बाहेर पडून सी५ए, आयएल-८ यांच्या मागावर जखमेपर्यंत पोहोचतात. साधारण पहिल्या ६ ते २४ तासांत न्यूट्रोफिल्स, २४ ते ४८ तासांत मोनोसाइट. न्यूट्रोफिल्स लवकर मरतात. मोनोसाइट मॅक्रोफेज होऊन टिकतात. कारण हटलं नाही तर हेच मॅक्रोफेज लिम्फोसाइट्सशी एकमेकांना चेतवत बसतात, आणि तिथून क्रॉनिकची गोष्ट सुरू होते. तक्ता या वाक्यानंतर काढा.

जाता जाता: सिलेक्टिन आणि इंटेग्रिन यांची अदलाबदल फार होते. मी व्हेन्यूलची एकच लांब आकृती काढून प्रत्येक पायरीखाली तिचा रेणू लिहायचो.

आणि फेरतपासणीच्या भरवशावर राहू नका. मी अर्ज केला, पैसे भरले, तीन वेळा खिडकीवर जाऊन उभा राहिलो. शेवटी एका ओळीचं उत्तर आलं: ‘बेरीज बरोबर आहे.’ बेरजेबद्दल मी कधी विचारलंच नव्हतं.