सहा गुण वाढले, म्हणजे स्मरणशक्ती सुधारली का?

प्रश्न: फिट्ससाठी भावाचं पुण्यात मेंदूचं ऑपरेशन झालं. शब्द आठवण्याच्या चाचणीत आधी ३८ मानक गुण होते, सहा महिन्यांनी ४४. सुधारणा धरायची का?

उत्तर: एवढ्यावरून नाही. दुसऱ्या वेळी चाचणी ओळखीची झालेली असते, त्यामुळे ऑपरेशन न झालेल्या रुग्णांचेही गुण वाढतात. समजा, तेवढ्याच अंतराने पुन्हा तपासलेल्या अशा रुग्णांचे सरासरी ४ गुण वाढले. मग भावाच्या खात्यात उरले २.

आता चाचणीची स्वतःची डळमळ. मानक विचलन, म्हणजे लोकांच्या गुणांतला पसारा, १० आणि विश्वसनीयता, म्हणजे पुन्हा घेतल्यावर गुण किती जुळतात ते, ०.७५ धरली तर एका वेळची चूक ५ गुणांची (१० × √०.२५) आणि दोन वेळांच्या फरकातली ७.०७ (५ × √२). २ ÷ ७.०७ = ०.२८. नव्वद टक्के खात्रीसाठी हा आकडा १.६४५ च्या पुढे हवा, म्हणजे १.६४५ × ७.०७ = ११.६, त्यात सरावाचे ४ मिळवून निदान १६ गुणांची वाढ.

उलट बाजूही बघा: ८ गुणांची घट मात्र खरी घसरण ठरते, कारण चार वाढायलाच हवे होते, म्हणजे अपेक्षेपेक्षा १२ कमी पडले. हे घरच्यांच्या लक्षात सहसा येत नाही.

सायकॉलॉजिस्टना विचारा, दुसऱ्या वेळी शब्दांची यादी तीच होती का? यादी बदलली असेल तर ४ हा आकडा तसाच लावता येणार नाही.