जाहिरातीचाच क्रम ठेव

नोकरीच्या जाहिरातीत अनुभव, पगार, नोटीस पीरियड असे मुद्दे मेलमध्ये लिहून मागितले असतील, तर सीव्ही जोडलाय म्हणून "सोबत पाहावे" लिहून सोडू नकोस. एचआरवाले मेलमधली उत्तरं उचलून एक्सेलच्या रकान्यांत टाकतात. त्यामुळे जाहिरातीत ज्या क्रमाने, ज्या शब्दांत विचारलंय, तसंच एका ओळीत एक लिही. वर दोन वाक्यांची ओळख पुरे.

समज, अकाउंट्सची जागा आहे:

एकूण अनुभव: 4 वर्षे 2 महिने
जीएसटी रिटर्नचा अनुभव: 2 वर्षे 6 महिने
सध्याचा सीटीसी: वार्षिक 4.8 लाख (फिक्स्ड 4.3, व्हेरिएबल 0.5)
अपेक्षित सीटीसी: वार्षिक 6 लाख
नोटीस पीरियड: 60 दिवस, राजीनामा दिलाय, शेवटचा दिवस 2 मे

पहिल्या दोन ओळी वेगळ्या आहेत, बघ. दोन्हीकडे 4 वर्षे ठोकलीस तर मुलाखतीत पहिल्याच प्रश्नाला पकडला जाशील. सीटीसीच्या जागी हातात येणारा पगार लिहिणारे तर ढिगाने असतात. मग ऑफरही त्याच कमी आकड्यावरून ठरते. अपेक्षित पगारापुढे "निगोशिएबल" एवढंच लिहिलंस तर रकाना रिकामाच राहतो. आकडा दे, हवं तर पुढे "चर्चेस तयार" जोड. एखादा मुद्दा लागू नसेल तरी ओळ गाळू नकोस, "लागू नाही" लिही.