पँटी जांघेत काचते आणि मागून वर चढते, साइज नेमका कसा घ्यायचा?

प्रश्न: ताईंनो, माझी कंबर ३४ आहे म्हणून एल घेते, पण जांघेत काचून लाल वळ उठतात आणि चालताना मागून वर जाते. एक्सएल घेतली तर कमरेत सैल होईल ना?

अगं, पँटीचा साइज बहुतेक कंपन्या कंबरेवर नाही, सीटच्या मापावर ठरवतात. पाय जुळवून सरळ उभी राहा आणि टेप मागचा भाग सगळ्यात भरलेला असतो तिथून फिरव, आरशात बघ मागे टेप खाली सरकलेली नाही ना, आणि आवळू नकोस. माझी कंबर पण ३४च, पण सीट ४१ इंच, म्हणजे १०४ सेमी. मी घेत होते त्या पाकिटावर एल ९५-१०० आणि एक्सएल १०० ते १०५ छापलेलं होतं, आणि मी कित्येक वर्षं एल घालून काचवून घेतलं! प्रत्येक कंपनीचे आकडे वेगळे असतात, त्यामुळे अक्षर बघू नको, मागचे सेमी वाच. कमरेच्या सैलपणाचं म्हणशील तर इलॅस्टिक ताणूनच बसतं, मला एक्सएल कधी घसरली नाही.

पण एक्सएल घेऊनही माझ्या जांघेत काचतच होतं, कारण मांड्या भरलेल्या. मग पायाचं माप घेतलं, जांघेच्या घडीतून टेप मागे सीटच्या खालच्या घडीपर्यंत फिरवून, ते ६४ सेमी आलं. पँटी न ताणता सपाट ठेवून पायाची कड मोजली तर २३, दुप्पट ४६. म्हणजे ते इलॅस्टिक दिवसभर १८ सेमी ताणलेलं, वळ उठणारच. आता वापरते तिची कड २७ आहे, म्हणजे ५४, आणि इलॅस्टिक उघडं नाही, कापडात गुंडाळलेलं आहे, त्याने दाब पसरतो. पायाचा कट थोडा उंच असेल तर कड मांडीच्या जाड भागावर येतच नाही, तेही करून बघ. काढल्यावर पुसटशी खूण थोड्या वेळात गेली तर ठीक, पण तासाभराने पण वळ दिसत असेल किंवा जांघेत कातडी काळवंडत चालली असेल तर ती पँटी घालूच नको.

वर चढण्याचं कारण बहुतेक वेळा मागचं कापड कमी पडणं हे असतं. मागे कापड कमी असलेल्या कटची कड सीटच्या मधोमध येते, तिथे गोलाई असल्याने चालताना ती मध्येच सरकते. फुल ब्रीफची कड सीटच्या खालच्या घडीत बसते म्हणून ती जागची हलत नाही. मात्र फार मोठी घेतलीस तरी कापड गोळा होऊन आत जातं, मागे चुण्या दिसल्या तर समज साइज मोठा झालाय.

दुकानात ट्रायल देत नाहीत, म्हणून तीनचा पॅक न घेता आधी एकच घे. घरी धुऊन घाल, दोनदा जिना चढ-उतर आणि मांडी घालून दहा मिनिटं बस. उठल्यावर हात मागे न जाता कड जागेवर असेल तर मग त्याच साइजचा पॅक आण.